नफ्यासोबत त्यामागच्या दोन टिपाही छापा

संपादक महोदय,

तिमाही निकाल लागू लागले की आपल्या अर्थविषयक पानावर प्रत्येक कंपनीसाठी दोन-तीन ओळी येतात : उलाढाल किती, नफा किती, गेल्या वर्षीपेक्षा वाढ किती टक्के. हे आकडे चुकीचे नसतात, पण त्यांच्या भरवशावर शेअर घेणाऱ्या वाचकाला ते पुरत नाहीत. हा नफा कंपनीच्या कोणत्या व्यवसायातून आला आणि व्यवहार कोणाशी करून आला, हे हिशेबाच्या टिपांत दिलेले असते. एक टीप विभागवार माहितीची असते आणि दुसरी संबंधित पक्षांशी केलेल्या व्यवहारांची.

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या एन्रॉनचा २००० सालचा वार्षिक अहवाल पाहा. उलाढाल सुमारे १०१ अब्ज डॉलर, आदल्या वर्षीच्या अडीचपट. निव्वळ नफा ९७.९ कोटी डॉलर. लोकांच्या लेखी ही वायूवाहिन्या आणि वीजकेंद्रे चालवणारी कंपनी होती. विभागवार टीप मात्र वेगळेच सांगत होती. उलाढालीतले सुमारे ९५ अब्ज डॉलर घाऊक व्यापाराच्या विभागाचे होते आणि त्यावर व्याज व करापूर्वीचा नफा होता २.२६ अब्ज, म्हणजे रुपयामागे अडीच पैसेही नाहीत. सौद्याची पूर्ण किंमत उलाढाल म्हणून धरल्यामुळे ती एवढी फुगली होती. सगळ्या विभागांचा असा नफा मिळून २.४८ अब्ज होता. म्हणजे कंपनी मुख्यतः व्यापारविभागावर उभी होती.

त्याच अहवालातली सोळावी टीप संबंधित पक्षांची होती. एन्रॉनच्या काही गुंतवणुकींचे मूल्य घसरले तर भरपाई मिळावी, असे करार तिने काही संस्थांशी केले होते. त्यांच्यामागे असलेल्या भागीदारीचा कारभार ‘एन्रॉनचा एक वरिष्ठ अधिकारी’ पाहतो, असे टिपेत होते. हा अधिकारी म्हणजे कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो, पण त्याचे नाव टिपेत नव्हते. या करारांपोटी त्या वर्षी सुमारे ५० कोटी डॉलर उत्पन्न धरले होते. वरच्या २.४८ अब्जांचा हा पाचवा हिस्सा होतो. त्यातही भरपाई देणाऱ्या संस्थांकडे भांडवल म्हणून मुख्यतः एन्रॉनचेच शेअर आणि पुढे शेअर मिळण्याचे हक्क होते. एन्रॉनचा शेअर पडला की हमी देणाराही कोसळणार, हे लक्ष देऊन वाचणाऱ्याला तेव्हाच कळू शकत होते. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीला भागधारकांच्या निधीतून १.२ अब्ज डॉलर वजा करावे लागले आणि २ डिसेंबरला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ती टीप अतिशय दुर्बोध होती, हे मान्य. संचालक मंडळाने नेमलेल्या चौकशी समितीनेही तिच्यावर टीका केली. तिऱ्हाइताशी ठरल्या असत्या अशाच वाजवी अटींवर हे व्यवहार झाले, असे आश्वासनही तिच्यात होते. आपल्याकडचे इंड एएस २४ हे लेखामानक असा दावा सिद्ध करता येत असेल तरच करू देते. येणे-देणे बाकी किती आणि त्यातली बुडीत रक्कम किती धरली, हेही त्यात सांगावे लागते.

संबंधित पक्षाशी व्यवहार करणे हा काही गुन्हा नव्हे. एकाच समूहातल्या कंपन्या एकमेकींना कच्चा माल विकतातच. पाहायचे ते एवढेच, की प्रवर्तकांच्या खासगी कंपनीला झालेली विक्री वाढते आहे, पण पैसे येत आहेत का? विक्रीपेक्षा येणे बाकी वेगाने वाढत असेल, तर तो नफा अजून कागदावरच आहे. विभागवार माहितीतही अशीच एक खूण सापडते. ‘इतर’ या सदरातला तोटा दरवर्षी वाढत असेल, तर तिथे काय ठेवले आहे, हे विचारायला हवे.

जागा कमी असते आणि वाचकाला टिपांत रस नसतो, असे आपण म्हणाल. मला ते पटत नाही. सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार विभागवार आकडे दर तिमाहीला निकालांसोबतच द्यावे लागतात. संबंधित पक्षांचे व्यवहार दर सहा महिन्यांनी शेअर बाजाराला कळवावे लागतात. म्हणजे माहिती वार्ताहराच्या हाताशी असते. ‘नफ्यातला सर्वांत मोठा वाटा अमुक विभागाचा’ आणि ‘संबंधित पक्षाकडून येणे अमुक कोटी, सहा महिन्यांपूर्वी तमुक कोटी’ अशी दोन वाक्ये प्रत्येक मोठ्या कंपनीच्या निकालाखाली छापावीत. नफ्याची टक्केवारी मोठ्या टाइपात देणाऱ्या वृत्तपत्राने वाचकासाठी एवढे केलेच पाहिजे.

— एक निवृत्त लेखापरीक्षक, सातारा