पन्नास-पन्नास म्हणजे नक्की किती?

परवा रात्री भाचीचा फोन. ती अकरावीला, मारुती मंदिराजवळच्या क्लासला जाते. "मावशी, क्लासमध्ये कुणीतरी म्हणालं की बारावी आणि सीईटीचे मार्क पन्नास-पन्नास टक्के धरणार. मग दोन्हीचा अभ्यास अर्धा-अर्धा करायचा ना?"

अगं, हा प्रश्न जुना आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे पीसीएम यांना निम्मं-निम्मं वजन देऊन झाले होते. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. २०२२ मध्ये तेव्हाचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, म्हणजे आमच्याच रत्नागिरीचे आमदार उदय सामंत, यांनी पुढच्या वर्षापासून बारावी-सीईटी ५०:५० करणार असं जाहीर केलं. हेतू चांगला होता, मुलं कॉलेजच्या वर्गात परत यावीत. ते अंमलात आलं नाही. माझं भांडण हेतूशी नाही, ‘पन्नास-पन्नास’ या शब्दाशी आहे. मंडळी, तो शब्द ऐकायला न्यायी वाटतो, पण एकट्याने काहीच सांगत नाही.

कारण हल्ली सीईटीचा निकाल मार्कांत नाही, पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुझ्या मागे शंभरातली किती मुलं, एवढंच तो आकडा सांगतो. बारावीचे टक्के म्हणजे मात्र खरोखरचे मार्क. या दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत. त्या तशाच ठेवून बेरीज केली तर काय होतं बघा. आकडे मी समजायला घेतलेत.

मधल्या फळीतली दोन मुलं घेऊ. एकाला बारावीला ८०, सीईटीला ५५ पर्सेंटाइल. दुसऱ्याला ७० आणि ७५. निम्मं-निम्मं केल्यावर पहिला ६७.५, दुसरा ७२.५. इथे सीईटी जिंकली. मधल्या भागात मुलांची गर्दी असते, त्यामुळे थोडे प्रश्न जास्त बरोबर आले की पर्सेंटाइल भराभर चढतं. बारावीचे दहा टक्के चढायला मात्र जीव जातो.

आता वरची फळी. एक मुलगी बारावीला ८८, सीईटीला ९९.९. दुसरी ९३ आणि ९८. पहिलीचे होतात ९३.९५, दुसरीचे ९५.५. आता बारावी जिंकली! परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरा. ९९.९ म्हणजे साधारण तीनशेवी, ९८ म्हणजे साधारण सहा हजारावी. सीईटीत पावणेसहा हजार मुलांना मागे टाकून मिळवलेली आघाडी बारावीच्या पाच टक्क्यांपुढे संपली. सूत्र तेच, वजन तेच, पण मध्ये एक परीक्षा ठरवते आणि वर दुसरी. जाहीर केलेलं वजन कागदावर राहतं, खरं वजन ठरतं ते मार्क किती पसरलेत त्यावर.

यावर उपाय नाही असं नाही. २०१३ ते २०१६ एनआयटींच्या प्रवेशाला ६०:४० होतं, जेईईचे ६० आणि बोर्डाचे ४०. पण तिथे बोर्डाचे टक्के सरळ मिळवत नव्हते. समजा एखादी मुलगी आपल्या बोर्डात ९५ पर्सेंटाइलला आहे. मग देशभरच्या जेईईच्या यादीत ९५ पर्सेंटाइलला किती मार्क आहेत ते बघायचं, समजा १५०. तिच्याच बोर्डाच्या मुलांमध्ये तेच बघायचं, समजा १३०. सरासरी १४०. हे तिचे बोर्डाचे मार्क, जेईईच्याच ३६० च्या पट्टीवर मोजलेले. तिला जेईईत १२० असतील तर ७२ अधिक ५६, म्हणजे १२८. आता कुठे ६०:४० ला अर्थ आला.

त्यालाही किंमत होतीच. सगळ्या बोर्डांचे निकाल येईपर्यंत क्रमांक अडकून राहायचे, आणि घरी बसून आपला स्कोअर काढणं कुणालाच शक्य नव्हतं. १५० आणि १३० ची सरासरीच का, याचंही उत्तर ‘मधला मार्ग’ एवढंच. २०१७ पासून ते बंद झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वजन सांगण्याआधी पट्टी सांगा. दोन निकाल एका मापावर कसे आणणार ते प्रवेशाच्या दोन वर्षं आधी, उदाहरणासकट, मराठीत छापा. बारावीच्या निकालात कोकण वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो आणि आम्ही पेढे वाटतो. त्या टक्क्यांचं प्रवेशात काय होणार, हे कळायचा हक्क इथल्या पोरांना आहे.

भाचीला काय सांगितलं? आज लागू असलेला नियम वाच. बारावीत पात्रतेपुरते टक्के आणि क्रमांक सीईटीवर, असा तो आहे. तो बदललाच, तर वजन नंतर विचार, आधी पट्टी विचार. ती म्हणाली, "मावशी, सोप्पं सांग ना!" आता याहून सोपं मला तरी येत नाही. असो.