फ्रिजमधील कणीक : काळपट रंग आणि आंबूस वास

दौंड येथील एका वाचकांनी विचारले आहे : पत्नी अंथरुणास खिळलेली आहे. शिरूरला दिलेली मुलगी रविवारी संध्याकाळी येऊन आठवड्याची कणीक मळून ठेवते. बुधवारी ती काळपट दिसते, गुरुवारी आंबूस वास येतो. पोळ्या कराव्यात की कणीक टाकावी?

रंग आणि वास ही दोन निराळी लक्षणे आहेत. गिरणीतून दळून आणलेल्या पिठात गव्हाचा कोंडा असतो. कोंड्यातील विकर हवेशी संपर्क आला की रंग पालटवते. चिरलेले सफरचंद काळवंडते, तसेच हे होते. म्हणून गोळा मोडून पाहावा. वरचा थर करडा आणि आतील कणीक पांढुरकी, वास नेहमीचा असेल, तर एक-दोन दिवसांची अशी कणीक चालते. वरून तेलाचा हात लावून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास काळपटपणा कमी येतो.

आंबूस वासाचे कारण वेगळे आहे. पिठातले व हातांवरचे सूक्ष्म जीव थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. आंबील आपण ठरवून, ठरावीक वेळ आंबवतो. येथे मात्र कोणते जीव वाढले, हे आपल्या हाती नसते. काही जिवाणूंचे विष तव्यावरही नष्ट होत नाही, त्यामुळे पोळी नीट भाजली तरी धोका उरू शकतो. आंबूसपणा मारण्यासाठी सोडा घालणेही व्यर्थ आहे. त्याने केवळ आंबटपणा झाकला जातो, आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या पोटात नको तितके सोडियम जाते.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर असे : बुधवारची कणीक वापरू नये, गुरुवारची तर नाहीच. ताणली असता तार सुटणे, पाणी सुटणे, हिरवे, काळे वा गुलाबी ठिपके दिसणे, यांपैकी काहीही आढळले की सगळा गोळा टाकावा. डाग काढून उरलेला वापरू नये. वीज चार तासांहून अधिक गेली असेल, तर फ्रिजमधील कणकेवर भिस्त ठेवू नये. उतारवयात घ्राणशक्ती क्षीण होते, म्हणून केवळ वासावरही विसंबू नये. डब्यावर मळल्याचा वार लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

मुलीने रविवारी कणकेऐवजी कोरडे पीठच रोजच्या मापाने पुड्यांत भरून ठेवावे. दोघांना साधारण दोन वाट्या पीठ पुरते. त्यास सुमारे एक वाटी पाणी लागते, पिठानुसार किंचित कमीअधिक. पाच मिनिटांत ताजी कणीक मळून होते. मळता येत नसेल, तर दोन दिवसांपुरतीच मळलेली ठेवावी.