लग्न झालं, सून घरात आली, पण पॉलिसीवर अजून सासूचंच नाव



धाकट्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याआधी कपाट आवरत होते. फाईलमध्ये त्याची विमा पॉलिसी सापडली, नोकरी लागल्याबरोबर काढलेली. नॉमिनीच्या रकान्यात माझं नाव, नातं 'आई'. क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू! मग मनात आलं, उद्या देव न करो काही झालं, तर कंपनी चेक माझ्या नावाने काढेल, आणि माझ्या सूनबाईला स्वतःच्या नवऱ्याच्या पैशासाठी माझ्या तोंडाकडे बघावं लागेल.

आपल्याकडे अनेकींना वाटतं की लग्न झालं की बायको आपोआप नॉमिनी होते. तसं होत नाही. लग्नाने जुनं नामनिर्देशन रद्द होत नाही. पॉलिसीधारकाने स्वतः लिहून दिल्याशिवाय कंपनीच्या दफ्तरात काही बदलत नाही, आणि कंपनीने दफ्तरात असलेल्या नावाला पैसे दिले की तिची जबाबदारी संपते.

मग बायकोचा हक्क बुडतो का? इथेच गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सांगितलं की नॉमिनी म्हणजे फक्त पैसे हातात घेणारा माणूस; मालकी वारसांची. त्यानंतर २०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर तो पैसा त्यांच्या स्वतःच्या हक्काचा, असे शब्द त्यात आले. म्हणजे वाद मिटला, असं वाटेल. पण २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर नेमकी आपल्या घरासारखी केस आली. मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं होतं. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, पण कागद तसाच राहिला आणि तो गेला. कोर्टाने सांगितलं की वारस हक्क मागत असतील तर नवीन कलमही वारसाहक्काच्या कायद्यावर मात करत नाही. आई, पत्नी आणि मुलगा, तिघांना समान वाटा. निकाल न्यायाचाच, पण त्यासाठी सासू आणि सून समोरासमोर कोर्टात उभ्या राहिल्या. एका फॉर्मने हे टळलं असतं.

आपण जैन असलो तरी वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हाच लागतो. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलं आणि आई येतात. वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. आपल्या घरांत मुलाच्या पॉलिसीवर सर्रास वडिलांचं नाव असतं, कारण एजंट त्यांच्याच ओळखीचा. अशा घरात दफ्तरात वडील आणि वारसांत आई, बायको, मुलं, असे दोन वेगळे रस्ते होतात.

आता आम्ही काय केलं ते सांगते. अर्ज मुलानेच करायचा असतो. मी किंवा सूनबाई सही करून चालत नाही. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी असेल तर नॉमिनी बदलाचा फॉर्म क्रमांक ३७५० असतो, तो पॉलिसी ज्या शाखेत चालते तिथे द्यायचा. खासगी कंपन्यांचा आपापला फॉर्म असतो. पॉलिसी क्रमांक, नव्या नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, नातं, आणि एक साक्षीदार. साक्षीदार नॉमिनी सोडून दुसरा कोणी घ्यावा. सोबत मूळ बॉण्ड न्यावा, कारण बदलाची नोंद त्याच्यावर होते.

आमचा अर्ज पहिल्यांदा परत आला, दोन कारणांनी, आणि दोन्ही चुका आमच्याच. एक, मुलाची सही. बावीस वर्षांचा असताना केलेली सही आणि आताची सही यांचा मेळ नव्हता. त्याला जुन्या सहीसारखी करावी लागली. दुसरं कारण सूनबाईच्या नावाचं, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्या पोरींचं इथेच अडतं.

आम्ही हौसेने लग्नानंतरचं नाव लिहिलं: मधलं नाव माझ्या मुलाचं, आडनाव आमचं. पण तिच्या आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकवर अजून माहेरचं नाव. क्लेमचा पैसा थेट बँक खात्यात येतो. फॉर्मवर एक बाई आणि खात्यावर दुसरी बाई दिसली तर पैसा अडकतो. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, आज जे नाव आधारवर आणि बँकेत आहे तेच लिहा. ती पुढे नाव बदलेल तेव्हा पॉलिसीवरही बदलून घ्या.

नात्याचा पुरावा म्हणजे विवाह नोंदणी दाखला. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि अल्बमवर भिस्त असते. कार्यालयात त्याला किंमत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी होते. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत, आणि आमच्या जांभूळसारख्या गावात ग्रामपंचायतीत. तिथे ग्रामपंचायत अधिकारीच विवाह निबंधक असतो. नमुना ड मध्ये अर्ज, वधू-वर आणि तीन साक्षीदार प्रत्यक्ष हजर, आणि हातात येतो तो नमुना ई मधला दाखला. लग्नानंतर नव्वद दिवसांत केलेलं बरं, उशीर झाला तर दंड भरून होतं. नॉमिनी बदलताना तो कुणी मागेल, कुणी मागणार नाही. पण क्लेमच्या वेळी रडणाऱ्या बाईला तो शोधायला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

एक बारीक गोष्ट. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात, तांदळाच्या ताटात लिहून. ते नवं नाव दाखल्यावर नसेल तर दाखल्याने काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी राजपत्रात नावबदलाची नोंद लागते. ती होईपर्यंत ताटातलं नाव फॉर्मवर लिहू नका.

काहींनी मला विचारलं, मग आईला काढूनच टाकायचं का? मी तसं म्हणत नाही. एकापेक्षा जास्त नॉमिनी करता येतात आणि प्रत्येकाचा वाटा लिहिता येतो. जी आई मुलाच्या कमाईवर जगते, तिचं नाव राहावं, पण बायकोच्या नावासोबत आणि टक्के लिहून. घरात बोलून ठरवा. मुलाने गुपचूप बदललं आणि सासूला नंतर कळलं, तर ती वेगळीच कटकट. आमच्या घरी मीच विषय काढला. सासूने काढला की सुनेला मागावं लागत नाही. पुढे नातवंड झालं तर त्याचं नाव बायकोच्या जागी घालू नका. अज्ञान मूल नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा अपॉइंटी नेमावा लागतो, आणि तो कोण, हा नवा प्रश्न.

फॉर्म देऊन घरी येणं म्हणजे काम झालं असं नाही. बदल नोंदवल्याची लेखी पोच देणं कंपनीवर कायद्यानेच बंधनकारक आहे. हप्त्याच्या पावतीवर भरवसा ठेवू नका, बॉण्डवरची नोंद किंवा तारखेसह पत्र हातात घ्या. आमचं पत्र आलं. वाटा लिहिलाय: पत्नी सत्तर टक्के, आई तीस. त्याची एक झेरॉक्स सूनबाईच्या माहेरी दिली आहे, आणि मूळ बॉण्ड कुठल्या कपाटात आहे ते तिला दाखवून ठेवलंय.