बसेल हो!

मराठीतले सर्वांत महागडे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, "बसेल हो!" हे वाक्य सोफ्याच्या दुकानात उच्चारले जाते. उच्चारणारा गृहस्थ दोन्ही हात पसरून उभा असतो. हातांतले ते अंतर म्हणजे त्याच्या घराचा दरवाजा. मग तो तसाच, हात आखडू न देता, एखाद्या गरुडासारखा दुकानभर फिरतो आणि आवडलेल्या सोफ्यापाशी येऊन म्हणतो, "बसेल हो!"

आमच्या शाखेचे हेडकॅशियर या पंथाचे. कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर हा माणूस साऱ्या शाखेला घरी जाऊ देत नाही. "अंदाजे बरोबर आहे" असे म्हणणाऱ्या पोराकडे ते असे बघतात की त्याने पुढच्या महिन्यात बदलीच मागावी. पण पगारातून पै पै साठवून सोफा घेताना त्यांनी काय मोजले? फक्त हॉलची भिंत! सोफा भिंतीशी मावतो की नाही हे पाहिले. तो भिंतीपर्यंत उडत येणार होता बहुतेक.

"अहो, हमाल आणतात बरोबर. त्यांचा रोजचा धंदा आहे," असे ते मला म्हणाले. माझे भांडण आहे ते याच वाक्याशी. जिन्यावरून सोफा चढतो तेव्हा त्याचा बहुतेक भार खालच्या माणसावर येतो. वळणावर सोफा अडकला की वरचा माणूस हात सोडून घाम पुसू शकतो. खालच्याला ती सोय नाही. आपण न मोजलेले दोन इंच तो बिचारा आपल्या कमरेने मोजत असतो, आणि आपण वरून ओरडतो, "जरा तिरका घ्या!" तिरका म्हणजे किती तिरका, हे एकालाही ठाऊक नसते.

तर ते तिरकेपणच आज मोजू. सोफा लांबीला 78 इंच, खोली म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत 34, आणि उंची 33. दरवाजाची चौकट आतून 34 इंच. हेडकॅशियर खूश! पण चौकट म्हणजे वाट नव्हे. दार काटकोनात उघडले की त्याच्या फळीची जाडी वाटेत येते, दीड इंच. बाहेरच्या जाळीच्या दाराचा आणखी दीड इंच. मोजायची ती उघड्या दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी वाट. ती निघाली 31. म्हणजे सोफा सरळ धरला तर 34 ने अडतो आणि पाठीवर झोपवला तर 33 ने.

इथे बसेलवाले हताश होतात. पण सोफ्याला एक चौथे माप असते, जे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. सोफ्याकडे बाजूने बघा. पाठीच्या वरच्या टोकापासून हाताच्या पुढच्या टोकापर्यंत एक सरळ काठी टेकवा. आता मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या काठीपर्यंत, काठीला काटकोनात, टेप धरा. या सोफ्याची पाठ वरून मागे कललेली, पातळ. हात पुढे जेमतेम 20 इंच उंच. टेपवर आले 30. तेवढ्या कोनात कलवला तर 31 च्या वाटेतून सोफा जातो, आणि बोटांसाठी एक इंच उरतो. तो कमी वाटत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळी काढून दार उतरवा. पण पाठ ताठ, जाड आणि हात उंच असे खोक्यासारखे सोफे असतात, त्यांना या तिरकेपणाचा लाभ नाही. त्यांचे पाय फिरकीचे असतील तर काढावेत, नाहीतर सोफा दुकानातच ठेवावा.

दार झाले. पण दारापर्यंत पोचायला जिना आहे. आमचा जिना 36 इंच रुंद, वळणावरचे लँडिंगही 36 इंच खोल, आणि दोन जिन्यांच्या मध्ये भिंत. अशा काटकोनी वळणाचा एक साधा हिशेब आहे. बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजा. आले 51. त्यातून सोफ्याची तिरकी जाडी 30 वजा करा, उरले 21. त्याची दुप्पट 42. दोन्ही वाटा सारख्या रुंद असतील तर आडवी वळू शकते ती एवढ्याच लांबीची वस्तू. सोफा 78! म्हणजे आडवा तो वळणारच नाही. मग "जरा डावीकडे, जरा उजवीकडे" हा घोष तास-दीड तास कशाला?

गंमत म्हणजे या वळणाने मोठमोठे गणिती दमले आहेत. काटकोनी वाटेतून जास्तीत जास्त केवढा सोफा वळेल, हा प्रश्न लिओ मोझर यांनी 1966 साली मांडला. जोसेफ गर्व्हर यांनी 1992 साली टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा एक आकार काढला. यापेक्षा मोठा आकार शक्य नाही, अशी शंभरावर पानांची सिद्धता जिनऑन बेक यांनी मांडली ती 2024 साली. पण त्या मंडळींच्या सोफ्याला जमीन सोडायची परवानगी नाही. आपल्याला आहे. आपण तो उभा करू शकतो.

उभा केला की 78 इंचाचा खांब होतो आणि लँडिंगवर न फिरवता, नुसता बाजूला सरकवत, एका जिन्यापासून दुसऱ्यापर्यंत नेता येतो. खोली 34, लँडिंग 36, जमते. मात्र आमच्या लँडिंगवर सोसायटीने एक पाइप नेला आहे, जमिनीपासून 83 इंचांवर. "83 खाली 78, भरपूर!" असे हेडकॅशियर म्हणाले. चूक! उभा राहिलेला सोफा 78 असतो, पण उभा राहताना त्याचा कर्ण आडवा येतो. 78 चा वर्ग अधिक 33 चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, जवळजवळ 85. शाळेत पायथागोरसने आपल्याला छळले ते या दिवसासाठी. उपाय सोपा आहे: खालचे टोक लँडिंगच्या दोन पायऱ्या खाली असतानाच सोफा उभा करायचा. तिथून पाइप आणखी 14 इंच दूर जातो. मग उभाच्या उभा लँडिंगवर उचलायचा. हे आधी ठाऊक असेल तर दोन मिनिटांचे काम. जागेवर सुचायला मात्र पाइप फुटावा लागतो.

म्हणून माझी मागणी आहे की दुकानदाराने लांबी, खोली आणि उंचीच्या खाली ती चौथी, तिरकी जाडी लिहावी. गिऱ्हाइकाने खिशात तीन आकडे न्यावेत: दाराची मोकळी वाट, वळणाचे तिरके माप, आणि डोक्यावरच्या सर्वांत खालच्या वस्तूची उंची. दहा मिनिटांचे काम. आणि एवढे करूनही ज्याला हात पसरून "बसेल हो" म्हणायचे असेल, त्याने खुशाल म्हणावे. फक्त जिन्यात सोफ्याचे खालचे टोक त्याने धरावे.