मलब्याचा हिशेब

न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक बहुधा टाइल्सच्या दुकानात सुरू होते. टाइल्स, कमोड, नळ यांचे भाव तेथे कळतात. प्लंबरची मजुरी पॉइंटनुसार ठरत असल्यास पॉइंट मोजले की तीही समजते. फसगत होते ती मलब्यात, कारण कोटेशनच्या तळाशी ‘मलबा वेगळा’ एवढेच लिहिलेले असते.

इतवारीतील लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ५ बाय ८ फुटांचे न्हाणीघर आहे असे समजू. ७ फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या, तर दार वगळून भिंती १६५ व जमीन ४० चौरस फूट भरते. तुटफुटीसह २२५ चौरस फूट टाइल्स घ्याव्या लागतात. जुन्या टाइल्स मात्र एकट्या निघत नाहीत. भिंतीवरून गिलाव्यासह दीड इंच आणि जमिनीवरून तीन इंच थर निघाला, तर सुमारे ३० घनफूट, म्हणजे जवळपास १७०० किलो मलबा होतो. ३५ किलोची ५० पोती!

जुन्या बांधकामात न्हाणीघराखालचा स्लॅब पुष्कळदा फूटभर खाली घेऊन विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. खालच्या घरातील न्हाणीघराचे छत इतर खोल्यांपेक्षा खाली दिसले, तर तशी शंका घ्यावी. गळतीमुळे तो भराव काढावा लागल्यास पोती दुपटीच्या घरात जातात. म्हणून उतरवण्याची मजुरी पोत्यामागे ठरवून, गाडीभाड्यासह कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. मलबा रस्त्याकडेला टाकल्यास महापालिकेचे उपद्रव शोध पथक दंड करते. तो कोणी भरायचा, हेही त्याच कागदावर यावे.