डब्यात प्रोटीन आहे, कॅलरी कमी पडतात

पालकसभांमध्ये आणि सोसायटीच्या जिन्यात हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: “पोळी-भाजीच्या डब्यात असतंच काय? नुसते कार्ब्स. प्रोटीन कुठंय?” मग पोळी निम्मी होते, तिच्या जागी पनीरचे चार तुकडे येतात आणि सकाळच्या दुधात पावडर पडते. माझं म्हणणं असं की पोळी-उसळीच्या डब्यावरचा हा आरोप हिशेबात टिकत नाही. त्या डब्यात कमी पडतात त्या बहुतेक वेळा कॅलरी, आणि पोळी कमी केली की त्या आणखी कमी होतात.

विरोधी बाजूची भिस्त एका आकड्यावर असते: शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १९ ग्रॅम प्रोटीन, तर कणकेत जेमतेम साडेदहा. आकडा बरोबर आहे, तुलना अपुरी आहे. मुलाला किती लागतं, हे त्यात येतच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रोटीन लागतं. प्रोटीनच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, म्हणजे २३ ग्रॅमच्या झाल्या ९२. एकूण गरजेच्या साडेपाच टक्केसुद्धा नाहीत. आता कणीक बघा. शंभर ग्रॅममध्ये ३२० कॅलरी, त्यातल्या ४२ प्रोटीनच्या, म्हणजे तेरा टक्के. ज्वारी बारा टक्क्यांच्या आसपास. ज्या धान्याला आपण नुसते कार्ब्स म्हणतो, त्यातच गरजेच्या दुपटीहून अधिक प्रमाण आहे.

यावर जाणकार लगेच म्हणतील की गव्हाचं प्रोटीन अपुरं असतं. खरं आहे. गव्हात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि धान्याचं सगळं प्रोटीन पचतही नाही. म्हणून तर पोळीबरोबर उसळ किंवा वरण हवं आणि दिवसभरात दूध-दही हवं. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असतं. पण यातून पोळीला जोड हवी एवढंच सिद्ध होतं. पोळी काढून टाका, असं सिद्ध होत नाही.

हा वाद नवा नाही. साठच्या दशकात जगभर ‘प्रोटीनची दरी’ भरून काढण्याची मोहीम जोरात होती. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय आहाराची आकडेवारी तपासून दाखवलं, की आपल्याकडे प्रोटीनची कमतरता बहुतांशी पोटभर न खाण्यातून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचंही हेच म्हणणं होतं. कारण शरीराच्या कामकाजात आहे. कॅलरी कमी पडल्या की शरीर खाल्लेलं प्रोटीन इंधन म्हणून जाळतं आणि वाढीसाठी कमी उरतं. उपाशी मुलाला पनीर दिलं तर त्यातलं बरंचसं असंच जळून जातं.

आता प्रत्यक्ष डबा मांडू. तिसरीतली आठ वर्षांची मुलगी, दिवसभराची शाळा. डब्यात दोन घडीच्या पोळ्या, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी. मोजायचं ते कोरडं आणि कच्चं, शिजण्याआधी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो.

घरात ४०० ग्रॅम कणीक भिजवली आणि १६ पोळ्या झाल्या, तर एका पोळीत २५ ग्रॅम. तेल अंदाजाने धरू नका. वाटीत काढून वाटीचं वजन करा, पोळ्या झाल्यावर पुन्हा करा. ३६ ग्रॅम संपलं असेल तर पोळीमागे सव्वादोन ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. कणकेच्या ८० आणि तेलाच्या २० मिळून एका पोळीत शंभर कॅलरी आणि २.६ ग्रॅम प्रोटीन.

उसळ सगळ्या घराची एकत्र शिजते, म्हणून आधी पातेल्याचा हिशेब: कोरडी मटकी १५० ग्रॅम, तेल २७ ग्रॅम, एक मोठा कांदा, थोडं ओलं खोबरं. सगळं मिळून सुमारे ८१० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रोटीन. शिजल्यावर उसळ भरली ५४० ग्रॅम, डब्यात गेली ७० ग्रॅम. मुलीच्या वाट्याला आलं पातेल्यातलं १३ टक्के: १०५ कॅलरी, चार ग्रॅमला थोडं कमी प्रोटीन. चटणीतल्या दहा ग्रॅम दाण्यांच्या ५२ कॅलरी आणि २.४ ग्रॅम प्रोटीन धरा.

बेरीज: सुमारे ३५५ कॅलरी, साडेअकरा ग्रॅम प्रोटीन. दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा डब्यातून यावा असं धरलं, तर हव्या होत्या ५६५ कॅलरी आणि आठ ग्रॅम प्रोटीन. प्रोटीन पचनाची घट धरूनही पुरतं. कॅलरी दोनशेंनी कमी आहेत. शालेय पोषण आहाराचं पहिली ते पाचवीचं प्रमाण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन आहे. त्याच्याशी ताडलं तरी प्रोटीन जवळपास तेवढंच आणि कॅलरी शंभराने कमी.

तूट भरायला तिसरी पोळी सुचते, पण मधली सुट्टी छोटी आणि मुलीचं पोटही लहान. थोडक्यात जास्त देणारा पदार्थ हवा. वीस ग्रॅम दाणे आणि दहा ग्रॅम गूळ यांचा लाडू १४० कॅलरी देतो. बरोबर एक छोटं केळं दिलं की भरपाई झाली. वर्गात कुणाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर तिळाचा लाडू.

मोडांबद्दलही एक समज आहे: मोड आले की प्रोटीन वाढतं. मोडांनी पचन सुधारतं, क जीवनसत्त्व वाढतं. वजन मात्र वाढतं ते पाण्याने. वीस ग्रॅम मटकी भिजून-मोडून चाळीस ग्रॅमच्या पुढे जाते. त्या वजनाला कोरड्या मटकीचा वीस टक्क्यांचा आकडा लावला, तर चार ग्रॅमचे कागदावर आठ होतात. वाटीभर वरणाचंही असंच. डाळ त्यात वीस-पंचवीस ग्रॅमच असते.

प्रोटीनची काळजी खरोखर कुठे करावी? साबुदाण्यात ते जवळजवळ नसतंच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. जॅम-ब्रेड आणि वेफर्सच्या डब्याबद्दलही तक्रार योग्य आहे. आवडीने खाणाऱ्या मुलाला अंडं किंवा पनीर जरूर द्यावं, पण पोळीबरोबर.

“आमच्या आयांनी कुठे मोजलं होतं?” असं विचारणारेही आहेत. त्या आया शाळेतून आलेल्या मुलाला समोर बसवून जेवायला वाढत. आता डबा डोळ्यांआड खाल्ला जातो, म्हणून रोज नाही तरी एखादा आठवडा मोजावं, आणि परत आलेला डबाही काट्यावर ठेवावा. आपल्या उदाहरणातली एक पोळी आणि अर्धी उसळ परत आली, तर दीडशे कॅलरी कमी करा.

या आकड्यांची मर्यादाही आहे. प्रोटीनचा २३ चा आकडा जवळपास सगळ्या मुलांना पुरावा म्हणून मुद्दाम वाढवून धरलेला असतो. कॅलरींचा १७०० हा मात्र नुसती सरासरी आहे. मैदानावर तासभर पळणाऱ्या मुलीला जास्त लागतील, बैठ्या मुलीला कमी. आपल्या मुलीला किती पुरतं, हे दर सहा महिन्यांनी घेतलेली उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडूनच कळतं. तिची रेघ आपल्या पट्ट्यातून खाली घसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना आठवडाभराच्या डब्याचा हिशेब बरोबर न्या.