हलगीपुढे संगणकाची मोजदाद का फसते?

माढा, कुर्डुवाडी भागातल्या वरातींत एक गोष्ट हटकून ऐकू येते. एक गाणे संपून दुसरे सुरू होताना मध्येच भोंगा वाजतो, डीजेवाल्याचे नाव घुमते आणि आवाज आणखी चढतो. याला हौस म्हणतात. माझ्या मते बऱ्याचदा ही झाकपाक असते. दोन गाण्यांची लय किंवा सूर जुळलेला नसतो आणि तो सांधा गोंगाटाखाली दडपला जातो. लॅपटॉपवर तर दोन्ही गाण्यांचे आकडे नीट दिसत असतात. मग सांधा का बिघडतो?

आधी लय. संगणक गाण्याच्या आवाजाचे बारीक तुकडे करतो आणि आवाज एकदम कुठे उसळतो ते टिपतो. ते ठोके. मग ठोक्यांची ही रांग स्वतःवरच थोडी थोडी सरकवून तो पाहतो, की किती अंतरावर ती सर्वांत चांगली जुळते. त्या अंतरावरून मिनिटाला ठोके किती, म्हणजे बीपीएम, हे ठरते. चार मात्रांच्या फिल्मी नाचगाण्यात हे बहुधा बरोबर येते. फार तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. तो लगेच लक्षात येतो आणि मिसळताना फारसा नडतही नाही.

खरी फसगत हलगी-लेझीमच्या सहा मात्रांच्या ठेक्यात होते. नाचणाऱ्याचा पाय पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे एका आवर्तनात दोनदा. संगणक त्याच सहा मात्रांच्या दोन-दोनच्या जोड्या लावू शकतो, आणि मग त्याचे ठोके होतात तीन. समजा पडद्यावर १४४ आकडा आला. आपण घड्याळ लावून पावले मोजली तर पंधरा सेकंदांत २४ भरली, म्हणजे मिनिटाला ९६. १४४ म्हणजे ९६ ची बरोबर दीडपट! दीडपटीचा फरक दिसला की चूक गाण्यात नसून मोजणीत आहे, असे समजावे. (पंधरा सेकंदांत एक पाऊल चुकले तर मिनिटाला चारचा फरक पडतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजलेले बरे.)

आता हे ९६ चे गाणे १०० च्या फिल्मी गाण्याला जोडायचे आहे आणि दोन्हींचा सा काळी एक आहे, असे धरू. वेग साधारण चार टक्क्यांनी वाढवला, की टेप जोरात फिरवल्यासारखा सूरही चढतो. सुमारे सहा टक्क्यांना एक स्वर, म्हणजे पेटीवरची एक पट्टी. चार टक्क्यांत सूर पाऊण पट्टीच्या आसपास चढतो. ना काळी एक, ना पांढरी दोन. दोन्ही गायक एकत्र ऐकू आले की कानाला टोचते. सूर जागेवर ठेवून फक्त वेग वाढवण्याची सोय प्रोग्राममध्ये असते, पण ती जास्त ताणली की हलगीची कडक थाप फिसकटते. त्यापेक्षा एक गाणे ९८ वर उतरवावे आणि दुसरे ९८ वर चढवावे. ताण वाटला जातो.

सुराची मोजणी तर आणखी परकी आहे. संगणक बारा स्वरांपैकी कोणता किती वाजला याची बेरीज करतो आणि ती ठरलेल्या साच्यांशी ताडून पाहतो. कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ मध्ये मांडलेला साचा यासाठी प्रसिद्ध आहे. तो पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेल्या श्रोत्यांच्या कानावर बेतलेला आहे आणि त्यात मेजर आणि मायनर एवढीच दोन घरे आहेत. पांढरी एकमधली भैरवी त्यात घाला. तिचे सातही स्वर काळी चारच्या मेजरचे आणि पांढरी चारच्या मायनरचेही असतात. त्यामुळे पडद्यावर `Fm` उमटू शकते, पण गाणे विसावते ते पांढरी एकवर. स्वर जुळतात, सा जुळत नाही, आणि दुसरे गाणे सुरू होताच जमीन सरकल्यासारखी वाटते. याला उपाय सोपा आहे. ओळ जिथे टेकते तो सूर गुणगुणावा आणि पेटीवर किंवा मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर लावून पाहावा.

हलगीला तर असा एक ठाम सूरच नसतो. मला यात अडचणीपेक्षा सोय जास्त दिसते. दोन्ही गाण्यांत गायन थांबून नुसते वाद्य वाजते अशी जागा शोधली, तर सुराचा प्रश्नच उरत नाही. तिथे फक्त पाऊल जुळवायचे. मात्र आठ-दहा आवर्तने हेडफोनवर दोन्ही गाणी एकत्र ऐकावीत. प्रत्येक थाप दुहेरी, ‘तड’ऐवजी ‘तडड’ अशी ऐकू येऊ लागली, तर लय सुटते आहे. प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेल्या गाण्यांत हे हमखास होते, कारण रंगात आल्यावर हलगीवाला लय वाढवतो आणि संगणकाने आखलेल्या रेघा मात्र सुरुवातीच्याच अंतरावर राहतात. अशा गाण्यात सांधा जिथे घ्यायचा, तिथलीच पावले मोजावी लागतात. पहिल्या मिनिटाचा आकडा तिथे चालत नाही.